अपडेटनंतर ट्रॅफिक कोसळलं? लेखांना हात लावण्याआधी हे तपासा

सर्च अपडेट आलं, चार दिवसांत क्लिक तिसऱ्या हिश्श्याने कमी झाले आणि साइटवाला त्याच रात्री लेख पुन्हा लिहायला बसला, असं हमखास घडतं. यात मोठा तोटा असा की पडझड कशामुळे झाली हे शोधायचा पुरावाच त्या रात्री पुसला जातो. शीर्षकं बदलली, परिच्छेद हलवले, दहा लेख उडवले, की पुढच्या आठवड्यात आलेख वर गेला काय आणि खाली गेला काय, त्याचं कारण अपडेट होतं की आपण, हे सांगता येत नाही. म्हणून आधी निदान. ते कसं करायचं हे एका काल्पनिक साइटच्या उदाहरणावरून पाहू. साइट काल्पनिक असली तरी अपडेटच्या तारखा खऱ्या घेतल्या आहेत.

समजा, सायकलवरची एक साइट आहे. तिचे तीन विभाग: दुरुस्तीचे लेख `/durusti/` खाली, हेल्मेट, दिवे, पंप अशा वस्तूंची परीक्षणं `/parikshan/` खाली आणि ‘अमुक म्हणजे काय’ अशा छोट्या माहितीची पानं `/shabda/` खाली. २०२५ च्या जुलैमध्ये साइटचं ट्रॅफिक पडलं. गूगल निकालांचा क्रम ठरवण्याच्या पद्धतीत वेळोवेळी जो मोठा बदल करतं, त्याला कोअर अपडेट म्हणतात. जून २०२५ चं असं अपडेट ३० जूनला सुरू होऊन १७ जुलैला संपलं होतं, त्यामुळे संशय लगेच त्याच्यावर गेला.

पायरी १: खरंच पडलंय का, आणि कुठून?

अ‍ॅनालिटिक्सचा आकडा पाहून घाबरू नका, साइट गूगलच्या निकालांत कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं सर्च कन्सोल उघडा. अ‍ॅनालिटिक्स मोजणी करतं ते आपल्या पानावरच्या कोडमुळे. थीम बदलताना तो कोड गळाला किंवा कुकीची परवानगी मागणारी पट्टी नव्याने बसवली, तर लोक येत असूनही मोजले जात नाहीत. सर्च कन्सोलमधले क्लिक गूगल स्वतःच्या निकालपानावर मोजतं. सर्च कन्सोलचे क्लिक जागच्या जागी आणि अ‍ॅनालिटिक्समधलं ऑरगॅनिक, म्हणजे शोधातून आलेलं ट्रॅफिक खाली, असं दिसलं तर दुखणं मोजणीत आहे. पुढचं काही वाचायची गरज नाही, कोड दुरुस्त करा.

सर्च कन्सोलमध्येच डाव्या बाजूला `Manual actions`, म्हणजे नियम मोडल्याबद्दल गूगलने केलेली कारवाई, आणि `Security issues` आहेत. दोन्ही रिकामी आहेत याची खात्री करा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. तिथे काही लिहिलेलं असेल तर तुमची गोष्ट अपडेटची नाहीच. शिवाय कोणी न शोधताच गूगल मोबाइलवर लेख सुचवतं, त्या `Discover` चा अहवाल वेगळा असतो. तिथलं ट्रॅफिक मुळातच लहरी असतं, त्याची बेरीज सर्चच्या ट्रॅफिकमध्ये करून निष्कर्ष काढू नका.

पायरी २: तारखा नीट धरा

अपडेट कधी सुरू झालं आणि कधी संपलं हे गूगल `status.search.google.com` वर जाहीर करतं. कोअर अपडेट एका रात्रीत लागत नाही. मार्च २०२४ चं तर ५ मार्चपासून १९ एप्रिलपर्यंत चाललं होतं. मधल्या काळात पानं वरखाली होत राहतात, आज हरवलेलं पान परवा परत दिसतं. या काळातल्या आकड्यांवरून निर्णय घेणं म्हणजे गाडी चालू असताना पेट्रोलचा हलता काटा वाचणं. गूगलचाही सल्ला असा आहे की अपडेट संपल्यावर किमान एक पूर्ण आठवडा जाऊ द्या, आणि मग संपल्यानंतरचा आठवडा सुरू होण्याआधीच्या आठवड्याशी ताडून पाहा.

आपल्या उदाहरणात ‘आधी’ म्हणजे सोमवार २३ जून ते रविवार २९ जून आणि ‘नंतर’ म्हणजे सोमवार २१ जुलै ते रविवार २७ जुलै. `Performance` अहवालात तारखेवर क्लिक करून `Compare` मध्ये जा आणि `Custom` निवडून या तारखा भरा. वार जुळवणं महत्त्वाचं आहे, कारण बहुतेक साइटवर शनिवार-रविवारचं ट्रॅफिक वेगळं असतं. सोमवार ते रविवारची तुलना गुरुवार ते बुधवारशी केली तरी एकेक वार दोन्हीकडे येतो, पण अर्धवट आठवडे घेतलेत तर फसाल.

मग हीच तुलना गेल्या वर्षासाठी करा: २४ ते ३० जून २०२४ विरुद्ध २२ ते २८ जुलै २०२४. सर्च कन्सोल १६ महिन्यांचा डेटा ठेवतं, त्यामुळे हे जमतं. गेल्या वर्षीही याच काळात तेवढीच घट असेल, तर तो हंगाम आहे.

आठवड्याला पन्नासेक क्लिक येणाऱ्या साइटवर मात्र आठवड्याची तुलना निरुपयोगी ठरते, दोनचार माणसं इकडची तिकडे झाली की टक्केवारी उड्या मारते. तिथे चार आठवड्यांशी चार आठवडे लावा आणि तेवढं थांबायची तयारी ठेवा.

पायरी ३: पडझडीचे तुकडे करा

सगळा जीव या पायरीत आहे. साइटची एकूण सरासरी काहीच सांगत नाही. आपल्या सायकलच्या साइटवर आठवड्याचे क्लिक १४,००० वरून ९,१०० वर आले, म्हणजे ४,९०० ची, ३५ टक्क्यांची घट. हा आकडा पाहिला की ‘सगळी साइटच आपटली’ असं वाटतं. आता `Page` चा फिल्टर लावून `URLs containing` मध्ये एकेका विभागाचा मार्ग टाका आणि वहीत लिहून घ्या:

दुरुस्ती: ६,२०० वरून ५,९००. घट ३००.
परीक्षणं: ५,४०० वरून २,३००. घट ३,१००.
शब्दांची पानं: २,४०० वरून ९००. घट १,५००.

चित्र लगेच बदललं. दुरुस्तीच्या लेखांना जवळजवळ काहीच झालेलं नाही. त्यांची घट पाच टक्क्यांची आहे आणि गेल्या वर्षी याच आठवड्यांत तेवढीच होती. म्हणजे हंगाम. घाबरून पहिल्यांदा ज्यांना हात लागला असता ते हेच लेख, कारण साइटवर संख्येने जास्त तेच.

फिल्टर लावून झाल्यावर `Queries` मध्ये जाऊन स्वतःच्या साइटचं नाव असलेले शोध वगळून पाहा. नावाने शोधणारी माणसं कमी झाली असतील तर ते रँकिंगचं दुखणं नाही. इथे एक खाचखळगा आहे: फार थोड्या लोकांनी केलेले शोध गूगल गोपनीयतेसाठी दाखवत नाही, त्यामुळे क्वेरीचा फिल्टर लावला की बेरीज एकूण आकड्यापेक्षा कमी येते. ती घट नव्हे. दोन्ही काळांना एकच फिल्टर लावा आणि फिल्टर लावलेल्या आकड्याची तुलना बिनफिल्टरच्या आकड्याशी कधीच करू नका.

पायरी ४: क्लिक कुठे गळले ते पाहा

क्लिक तीन ठिकाणी गळू शकतात. शोधणारेच कमी झाले, किंवा आपलं पान खाली गेलं, किंवा पान होतं तिथेच आहे पण लोकांनी त्यावर क्लिक करणं सोडलं. `Performance` च्या वरच्या चारही चौकटी चालू करा, म्हणजे क्लिक, पान निकालांत किती वेळा दिसलं ते इम्प्रेशन, त्यातल्या किती टक्के वेळा क्लिक झालं तो सीटीआर आणि सरासरी पोझिशन एकत्र दिसतील.

शब्दांच्या पानांपासून सुरुवात करू. इम्प्रेशन ८०,००० वरून ७९,०००, म्हणजे तेवढेच. पोझिशन ३.१ वरून ३.२, तीही तेवढीच. पण सीटीआर ३ टक्क्यांवरून १.१ टक्क्यावर. आलेखात हे डोळ्यांना दिसतं: इम्प्रेशनची रेघ सरळ चाललेली आणि क्लिकची रेघ तिच्यापासून सुटून खाली गेलेली. पान तिसऱ्या क्रमांकावर आहे, लोकांना दिसतंय, पण कोणी आत येत नाही. आता त्यातले दहाबारा शोध गुप्त विंडोत स्वतः करून पाहा, मोबाइलवरही. ‘अमुक म्हणजे काय’ याचं उत्तर निकालपानावरच वर, एआय ओव्हरव्ह्यूमध्ये किंवा उत्तराच्या चौकटीत मिळत असेल, तर कारण सापडलं. पानं नव्याने लिहून यात फरक पडत नाही, कारण रँकिंग गेलेलंच नाही. या पानांवर किती वेळ घालवायचा हा धंद्याचा प्रश्न आहे, लेखनाचा नाही. माझं विचाराल तर दोन ओळींत संपणाऱ्या उत्तराच्या पानांवर आता नवा पैसा लावू नये.

सरासरी पोझिशनबद्दल सावध राहा. ती इम्प्रेशनच्या हिशोबाने निघते, आणि जिथे पान दिसलंच नाही ते शोध तिच्यात धरलेच जात नाहीत. साठाव्या क्रमांकावर दिसणारं पान निकालातून पुरतं गायब झालं तर सरासरी ‘सुधारते’! सप्टेंबर २०२५ मध्ये याचा मोठा नमुना दिसला. एका पानावर शंभर निकाल मागवण्याची `&num=100` ही सोय गूगलने बंद केली. क्रमांक तपासणारी अनेक साधनं तीच वापरत होती. ती सोय गेली आणि बऱ्याच साइटचे इम्प्रेशन धाडकन खाली, सरासरी पोझिशन वर आणि क्लिक जैसे थे, असं झालं. त्या तारखेच्या अलीकडचे इम्प्रेशन पलीकडच्यांशी ताडत असाल तर हे डोक्यात ठेवा, आणि तेव्हा फक्त क्लिकवर भिस्त ठेवा.

पायरी ५: गायब झालेली पानं वेगळी काढा

आता परीक्षणं. इम्प्रेशन ९०,००० वरून ६१,००० आणि पोझिशन ४.२ वरून ९.८. हे तर नक्की अपडेटच, असं म्हणावंसं वाटतं. जरा थांबा. `Pages` ची यादी तुलनेसकट `Export` करून शीटमध्ये उघडा, दोन काळांतल्या क्लिकची वजाबाकी करा आणि सर्वांत मोठी घट वर येईल अशी लावा. निर्यातीत एका वेळी १,००० ओळी मिळतात, लहान साइटला त्या पुरतात.

यादीत दोन तऱ्हेची पानं सापडतील. काही चौथ्या क्रमांकावरून नवव्या-दहाव्यावर घसरलेली. आणि काहींचे नंतरच्या आठवड्यात इम्प्रेशनच शून्य. आपल्या उदाहरणात अशी सहा पानं निघाली आणि ३,१०० पैकी १,१०० क्लिक एकट्या त्यांनी नेले. अपडेटमध्ये मार खाल्लेलं पान सहसा तिसाव्या-चाळिसाव्या क्रमांकावर का होईना, कुठेतरी दिसत राहतं. पूर्ण शून्य म्हणजे बहुधा पान गूगलच्या यादीत, म्हणजे इंडेक्समध्येच नाही. आणखी एक खूण आहे. अपडेटची घसरण बऱ्याच पानांवर साधारण एकाच सुमाराला दिसते. ही सहा पानं मात्र एक ५ जुलैला, दुसरं ८ ला, तिसरं १४ ला अशी सुटी सुटी गेली. गूगलचा बॉट ज्या दिवशी ज्या पानावर पोचला, त्या दिवसाच्या आसपास ते पान गेलं.

पानाचा पत्ता `URL Inspection` मध्ये टाका. `URL is not on Google` आणि खाली कारण `Excluded by ‘noindex’ tag` असं आलं, तर झालं निदान: हे पान इंडेक्समध्ये घेऊ नका असं गूगलला सांगणारी `noindex` ही खूण पानावर आहे. `Page indexing` उघडल्यावर शेवटच्या क्रॉलची तारीखही दिसते. मग `Test live URL` दाबून आत्ता पान कसं आहे ते पाहा, कारण वरची माहिती शेवटच्या क्रॉलची असते, आजची नाही. कमांड लाइन येत असेल तर हे असंही दिसतं:

```
curl -sIL https://example.com/parikshan/helmet-7 | grep -iE "^HTTP|location|x-robots-tag"
curl -sL https://example.com/parikshan/helmet-7 | grep -iE "noindex|canonical"
```

पहिल्या ओळीने पान २०० देतंय की दुसरीकडे पाठवतंय ते कळतं, आणि हेडरमध्ये लपलेला `noindex` सापडतो. हा लपलेला `noindex` पानाचा सोर्स पाहून कधीच दिसत नाही. दुसरीने पानाच्या आतला `noindex` आणि या मजकुराचं मूळ पान कोणतं हे सांगणारा कॅनॉनिकल दिसतो. कॅनॉनिकल भलत्याच पानाकडे बोट दाखवत असेल तरी परिणाम तसाच होतो. मात्र फायरवॉल तुमच्या संगणकाला आत घेऊन गूगलबॉटला अडवत असेल, तर `curl` ला सगळं आलबेल दिसेल. त्या बाबतीत `Test live URL` चाच शब्द धरा.

आपल्या साइटवर काय झालं होतं? ३ जुलैला परीक्षणांच्या एका टेम्पलेटमध्ये ‘विक्री बंद झालेल्या वस्तू’ अशी नवी खूण आणली आणि ती लागलेल्या पानांवर `noindex` आपोआप चढला. अपडेट चालू असतानाच हा बदल झाला, म्हणून दोन्ही गोष्टी एकात मिसळल्या. म्हणून साइटवर कधी काय बदललं याची तारीखवार नोंद ठेवणं गरजेचं आहे: थीम, प्लगइन, होस्टिंग, फायरवॉल, मेनू, सगळं. नोंद नसेल तर टेम्पलेट हाताळणाऱ्यांना विचारा आणि जुन्या बॅकअपशी आजची पानं ताडून पाहा.

पायरी ६: उरलेल्यांचा पंचनामा

हिशोब मांडू. ४,९०० पैकी ३०० हंगामाचे, १,५०० निकालपान बदलल्यामुळे, १,१०० `noindex` मुळे. उरले २,०००, परीक्षणांच्या वीसेक पानांवरचे. अपडेटने रँकिंग नेलं असं म्हणता येईल ते इतकंच.

त्यातही घसरण किती, हे पाहा. दुसऱ्यावरून चौथ्यावर आलेल्या पानात मोठे बदल करू नका असं गूगलच सुचवतं, अशी पानं आपसूक परतूही शकतात. खोलात जाऊन पाहायचं ते चौथ्यावरून एकोणतिसाव्यावर फेकल्या गेलेल्या पानांबाबत.

अशा प्रत्येक पानासाठी सर्वाधिक क्लिक गमावलेले तीन-चार शोध घ्या आणि आज वर कोण आहे ते उघडून वाचा. माझ्या मते या टप्प्यावर एकच प्रश्न कामाचा असतो: वर आलेली पानं आपल्यासारखीच आहेत की वेगळ्याच जातीची? ‘पंप’ शोधल्यावर पूर्वी परीक्षणं यायची आणि आता वरचे आठही निकाल दुकानांचे असतील, तर शोधणाऱ्याला खरेदी करायची आहे असं गूगलने ठरवलं आहे. तुमचं परीक्षण कितीही घासूनपुसून लिहा, ते तिथे बसायचं नाही. अशी पानं तशीच ठेवा.

पण वर आलेली परीक्षणंच असतील, तर ती आणि आपलं पान शेजारी ठेवा. समजा ‘पावसाळी हेल्मेट’च्या शोधात वरच्या तिन्ही पानांवर लेखकाने स्वतः काढलेले फोटो आहेत, वजनकाट्यावरचं वजन आहे, पट्ट्याचं बकल ओल्या हाताने उघडतं का ते करून पाहिलंय. आणि आपल्या पानावर कंपनीच्या पत्रकातलीच वाक्यं फिरवून लिहिलेली, फोटोही कंपनीचेच. इथे शब्दसंख्या वाढवून काही साधणार नाही. हेल्मेट हातात घेऊन वापरल्याशिवाय ते पान सुधारणार नाही, आणि ते जमणार नसेल तर ते तसं मान्य करून पुढच्या पानाकडे वळा.

मग दुरुस्ती, याच क्रमाने

आधी `noindex` काढा, पान लाइव्ह तपासा आणि `Request indexing` द्या. ही पानं काही दिवसांपासून काही आठवड्यांत परततात. तोवर त्याच विभागात दुसरं काही बदलू नका, नाहीतर जी वाढ दिसेल ती कशाची हे पुन्हा कळेनासं होईल.

ती परतून स्थिरावली की घसरलेल्या वीस पानांपैकी सहा-सात निवडा. निवडताना, आपल्याकडे सांगण्यासारखं खरंच काही नवं आहे अशीच घ्या. ती सुधारा आणि बाकीची मुद्दाम तशीच राहू द्या. दोन्ही गटांचे क्लिक दर आठवड्याला शेजारी शेजारी लिहा. दोन्ही गट सारखेच वर गेले तर ते श्रेय तुमच्या लेखनाचं नाही.

या वेळात काही गोष्टी टाळायच्या. पत्ते बदलू नका. मजकूर तोच ठेवून फक्त तारीख ताजी करू नका. बॅकलिंक ‘डिसअव्हाव’ करायची, म्हणजे आपल्याकडे येणाऱ्या अमुक लिंका मोजू नका असं गूगलला सांगायची फाइल चढवू नका, ती ओढूनताणून मिळवलेल्या लिंकांसाठी आणि त्यावरून झालेल्या मॅन्युअल अ‍ॅक्शनसाठी आहे. ‘कमकुवत’ पानं घाऊक उडवणं हा तर शेवटचा उपाय, आणि पानांवर येणाऱ्या लिंका व क्लिक तपासल्याशिवाय तो करूच नये.

किती थांबायचं? सुधारणांचा परिणाम काही वेळा थोड्या दिवसांत दिसतो, काही वेळा महिने लागतात, आणि बऱ्याचदा पुढचं मोठं कोअर अपडेट येईपर्यंत हालचाल होत नाही. परत वर येण्याची हमी गूगल देत नाही. म्हणून त्या सहा-सात पानांच्या नोंदीत बदलाची तारीख, बदललेला भाग आणि त्या दिवसाची पोझिशन लिहून ठेवा. पुढचं अपडेट संपून आठवडा उलटला की हीच तुलना नव्या तारखांनी पुन्हा लावा, आणि उरलेल्या तेरा-चौदा पानांचं काय करायचं ते तेव्हा ठरवा.